‘नॉर्मल’ शेरा आणि डावा कान: चाकणच्या प्रेस शॉपमधलं एक प्रकरण

२९ ऑगस्ट २०२३, मंगळवार. दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली आणि कामगार बसकडे जायच्या आधी एकेक करून ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, व्हॅनमध्ये शिरले. चार दिवसांनी अहवालांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी या कारखान्यात आठवड्यातून तीन दिवस वैद्यकीय अधिकारी म्हणून जाते. गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर खाली एकच शिक्का होता: ‘श्रवणक्षमता नॉर्मल’. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्या, धातू कापणारा प्रेस चालवणाऱ्या ऑपरेटरच्या कागदावरही तोच होता. वय ३२, प्रेस शॉपमध्ये पाच वर्षं, कसलीही तक्रार नाही.

शिक्का खोटा नव्हता, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. चाचणी करणारी एजन्सी ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन पट्ट्यांत कमीत कमी किती डेसिबलला आवाज ऐकू आला त्या आकड्यांची सरासरी काढते आणि ती २५ डेसिबलच्या आत असली की नॉर्मल लिहून मोकळी होते. समोरासमोर बसून बोलणं ऐकू येतं का, एवढंच या सरासरीवरून कळतं. आवाजाने होणारी इजा सुरुवातीला ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये दिसते. म्हणजे जिथे नुकसान आधी होतं, तेवढाच भाग ही सरासरी पाहत नाही. या माणसाची डाव्या कानाची सरासरी १० डेसिबल होती. अगदी छान.

म्हणून मी शिक्क्याकडे न बघता आलेख बघते. ऑडिओग्रामवर आडव्या रेघेवर डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, आणि उभ्या रेघेवर डेसिबल वरून खाली वाढत जातात. खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला, म्हणजे ऐकणं तितकं कमी. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. याच्या लाल गोलांची रेघ हळूच उतरत गेली होती. निळ्या फुल्या मात्र २००० पर्यंत सरळ होत्या, ३००० ला खाली, ४००० ला आणखी खाली, ६००० ला पुन्हा वर आणि ८००० ला १५ वर येऊन थांबल्या होत्या. ४००० ला पडलेली ही खाच आवाजाच्या इजेची ओळखीची खूण आहे. वयाने कमी होणारं ऐकणं असं परत वर येत नाही, ते ८००० कडे उतरतच जातं.

पण खाच दिसली म्हणून एसटीएस, म्हणजे स्टँडर्ड थ्रेशोल्ड शिफ्ट, झाली असं म्हणता येत नाही. एसटीएस हा फरक आहे, आणि फरक काढायला दोन कागद लागतात. कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत असल्यामुळे आमच्याकडे तिथल्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा खात्याचा नियम पाळला जातो. तो असा: कोणत्याही एका कानात २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवरचा बदल बेसलाइनशी, म्हणजे कामाला लागतानाच्या चाचणीशी, ताडून बघायचा, तिन्हींची सरासरी काढायची, आणि ती १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आली तर एसटीएस. इथे २५ च्या रेषेचा काही संबंध नाही. माणसाची तुलना त्याच्याच जुन्या कानाशी.

बेसलाइन शोधायला फाइल उघडली. २०१८ साली तो कामाला लागला तेव्हाची, वय २७. प्रेस शॉपमध्ये पाय ठेवायच्या आधी, सकाळी केलेली. बेसलाइनच्या आधी निदान १४ तास कामाच्या ठिकाणचा गोंगाट कानावर पडलेला नसावा अशी अट आहे, आणि इथे ती आपोआपच पाळली गेली होती. डाव्या कानाचे आकडे शेजारीशेजारी ठेवले:

| हर्ट्झ | बेसलाइन २०१८ | ऑगस्ट २०२३ | बदल |
|---|---|---|---|
| ५०० | १० | १० | ० |
| १००० | ५ | १० | ५ |
| २००० | ५ | १० | ५ |
| ३००० | १० | २० | १० |
| ४००० | १० | ३५ | २५ |
| ६००० | १५ | २५ | १० |

हिशेबात फक्त मधल्या तीन ओळी घ्यायच्या. ५, १० आणि २५ मिळून ४०, भागिले ३, म्हणजे १३.३. एसटीएस. उजव्या कानात तेच बदल ५, १० आणि १० होते, सरासरी ८.३, म्हणजे मर्यादेच्या आत. दोन्ही कानांची मिळून एक सरासरी काढायची नसते. ती काढली तर चांगला कान वाईट कानाला झाकून टाकतो. एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये मी नेमकं हेच पाहिलेलं आहे.

मग प्रश्न पडला की मधल्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. २०१९ चा कागद ठीक होता. २०२० मध्ये चाचणी झालीच नाही. २०२१ आणि २०२२ चे कागद मिळाले, पण त्यांत ३००० चा रकानाच नव्हता. एजन्सीने दवाखान्यातल्या नेहमीच्या पद्धतीने २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० तपासलं होतं. यात तिचा सगळाच दोष म्हणता येत नाही. आपल्याकडच्या तेव्हाच्या कारखाना कायद्याखालच्या नमुना नियमांत गोंगाटाच्या कामासाठी दिलेली यादीही १२५ पासून ८००० पर्यंत जात होती आणि तिच्यात ३००० नव्हतं. मात्र ३००० नसेल तर एसटीएस काढताच येत नाही. मधला आकडा २००० आणि ४००० वरून अंदाजाने भरणारेही आहेत. मी भरत नाही, कारण खाच नेमकी कुठून सुरू होते हे त्याच आकड्यावर कळतं. तरीही त्या अपुऱ्या कागदांत एक गोष्ट होतीच: डाव्या कानाचा ४००० चा आकडा २०२१ मध्ये १५ आणि २०२२ मध्ये २५ होता. पायरी चढावी तसा. शिक्का दोन्ही वर्षी ‘नॉर्मल’.

माणसाला बोलवायच्या आधी यंत्राबद्दलची शंका फेडून घेतली. हेडफोनची एक बाजू बिघडली असेल तर त्या दिवशी तपासलेल्या सगळ्यांचाच तो कान खाली गेलेला दिसतो. त्याच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा कागद काढले. डाव्या ४००० ला असा उतार इतर कुणाला नव्हता. दुसरी शंका खोलीतल्या आवाजाची. व्हॅनचा जनरेटर शेजारी धडधडत असेल तर तो आधी खालच्या पट्टीत नडतो, ५०० चा आकडा चढतो. इथे ५०० जागचं हललं नव्हतं. तिसरी शंका क्षुल्लक वाटते पण वारंवार खरी निघते, ती म्हणजे हेडफोन उलटा घातला जाणं. तसं असतं तर खाच उजव्या कानाची निघाली असती. ते कागदावरून कळणार नव्हतं, पुन्हा तपासल्यावरच कळणार होतं.

तो ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यात, आला तो हातात कॅप धरून, दारातच उभा.

“मॅडम, अनफिट करणार का?”

“बसा आधी. अनफिटचा विषयच नाही. त्या दिवशी चाचणीच्या आधी काय काय केलंत ते सांगा.”

सकाळी सातपासून प्रेसवर. ठीक. आदल्या संध्याकाळी? तो जरा चाचरला. मग म्हणाला, “पथकाची प्रॅक्टिस होती, नदीपात्रात. साडेनऊपर्यंत.” ढोल वाजवतो, सहावं वर्ष. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, म्हणजे सराव ऐन रंगात आलेला. कानात काही घालता का, असं विचारल्यावर तो नुसता हसला.

पुण्यात ऑगस्टमध्ये वार्षिक चाचणी ठेवायची तर हा प्रश्न प्रत्येकाला विचारावाच लागतो. आमच्या छापील फॉर्मवर शिकार आणि मोटरसायकल विचारलेली आहे. ढोल-ताशाचं नाव नाही.

मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर राहतो आणि मग सावरतो. त्यामुळे पाळी संपताना काढलेला वार्षिक ऑडिओग्राम थोडा खाली दिसू शकतो. काही जण याला चाचणीतली चूक मानतात, मला तो फायदा वाटतो. वार्षिक चाचणीला १४ तासांच्या शांततेची अट नाही, आणि पाळीच्या शेवटी कान बधिर सापडला तर इअरप्लग काम करत नाहीये हे कायमचं नुकसान व्हायच्या आधी कळतं. मात्र कायमचं किती आणि तात्पुरतं किती हे वेगळं करायला दुसरी चाचणी लागते. नियम त्यासाठी ३० दिवस देतो.

दिवस नीट निवडला. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणून शुक्रवार १५ सप्टेंबरला, पाळी सुरू व्हायच्या आधी सकाळी साडेसहाला यायला सांगितलं. गुरुवारी पथकाला दांडी मारायची, हेही सांगितलं. “चतुर्थी तोंडावर आलीय मॅडम,” तो म्हणाला. पण दांडी मारली. या वेळी व्हॅन नाही, शहरातल्या एका ऑडिओलॉजिस्टकडचं बूथ, आणि हेडफोन घालताना लाल उजवीकडे आहे ना हे मी स्वतः पाहिलं. कानांत आधी ऑटोस्कोपने बघितलं. मळ नव्हता, पडदे स्वच्छ होते.

उजवा कान बराच सावरला: २०००, ३०००, ४००० ला ५, १०, १५. बेसलाइनपासून सरासरी बदल ३.३ उरला. म्हणजे ऑगस्टमध्ये त्या बाजूला दिसलेलं बरंचसं बधिरपण होतं. डाव्या कानाचे आकडे १०, २०, ३० आले. ४००० ला पाचच डेसिबल परत मिळाले होते. ५, १० आणि २० मिळून ३५, भागिले ३, म्हणजे ११.७. शिफ्ट टिकली. खाच डावीकडेच राहिली, म्हणजे हेडफोनही उलटा नव्हता.

इथे व्यवस्थापनाकडून वयाचा मुद्दा आला, आणि तो गैर नव्हता. वयाने होणारा भाग वजा करायची ओशाची मुभा आहे, त्याचं कोष्टक नियमाच्या परिशिष्टात आहे. सक्ती नाही. पुरुषांच्या कोष्टकात २७ व्या वर्षी २०००, ३०००, ४००० ला ४, ६, ७ आणि ३२ व्या वर्षी ५, ७, १० असे आकडे आहेत. फरक १, १ आणि ३. हाच फरक बदलातून वजा करायचा. ३२ व्या वर्षाचा अख्खा आकडा नाही, ही चूक सर्रास होते. ५ चे ४ झाले, १० चे ९, २० चे १७. बेरीज ३०, सरासरी बरोबर १०.

खोलीत थोडी शांतता पसरली. एचआरच्या साहेबांनी विचारलं, “दहाच्या वर नाही ना मग?” नियमात ‘१० किंवा अधिक’ आहे. १० म्हणजे एसटीएस.

खरं सांगायचं तर या १० वर मी फार भर देत नाही. ऑडिओमीटर पाच-पाचच्या पायऱ्यांनी चालतो आणि त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी बसवलं तर एखादा आकडा पाचने इकडेतिकडे होतोच. एका जागी पाच कमी आले असते तर सरासरी ८.३ झाली असती आणि कागद फाइलमध्ये गेला असता. पण कान तोच राहिला असता. माझा भरवसा १५, २५, ३५ या चढणीवर आणि शांत कानातही टिकलेल्या ३० वर होता.

पुढचा आक्षेप सुरक्षा अधिकाऱ्यांचा: “ढोल वाजवतो ना तो. मग हे आपलं कसं?” एसटीएस कामामुळे झालेली नाही आणि कामाने वाढलेलीही नाही, असं डॉक्टरने ठरवलं तरच कंपनीची पुढची जबाबदारी सुटते. ‘वाढलेली नाही’ हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. ढोल वर्षातले दोनेक महिने, प्रेस वर्षभर. आणि ढोलाने एकाच कानाचं एवढं व्हावं याचं कारण मला सापडेना. डावाच का, याचं उत्तर प्रेसपाशी उभं राहिल्यावरच मिळणार होतं.

मिळालंही. तो उभा राहतो तिथून डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, कापलेला तुकडा डायमधून उडवायला हवेची नळी लावलेली. साधी तांब्याची नळी, तोंड चपटं केलेलं. प्रत्येक ठोक्याला फस्स. त्याच्या डाव्या कानाजवळ मीटर धरला तर हवा चालू असताना १०० डेसिबल ए, नळी बंद करून नुसता प्रेस चालवला तर ९३. दुसरी गोष्ट मी वीस मिनिटं गप्प उभी राहिले तेव्हा दिसली. हेल्पर डावीकडून काही ओरडला की हा डाव्या कानातला प्लग उपसायचा, ऐकायचा, आणि तो प्लग खिशात. पुन्हा घालायला पाच-दहा मिनिटं सहज जायची.

दिवसभरात अशी सगळी मिळून एक तास उघडीक धरली, तर ओशाच्या हिशेबाने १०० डेसिबलला दोन तासांची मुभा असते. एक तास म्हणजे दिवसभराच्या मुभेतला निम्मा आवाज, निम्मा डोस, आणि निम्मा डोस म्हणजे आठ तासांच्या सरासरीने ८५ डेसिबल. श्रवण संरक्षण कार्यक्रम जिथून सुरू करावा लागतो ती ही पातळी. उरलेले सात तास प्लग अगदी नीट घातला तरी त्या कानाने मर्यादा गाठलेलीच. अमेरिकेतल्याच नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस याहून कडक आहे, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं.

उरलेले सात तासही नीट जात नव्हते. प्लग घालून दाखवा म्हटलं. उजवीकडे त्याने फोम बोटांत वळून बारीक केला, आत सरकवला, धरून ठेवला. छान. डावीकडे उजव्या हाताने कशीबशी टोचणी, अर्धा प्लग बाहेर. डावा कान भरताना उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, कानातली नळी सरळ होते, आणि डाव्या हाताने प्लग सारायचा. हे त्याला पाच वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. इंडक्शनच्या रजिस्टरात मात्र ‘प्रशिक्षण दिले’ खाली त्याची सही होती.

लेखी कळवायला निश्चितीपासून २१ दिवस असतात. मी पत्र मराठीत केलं, तीन वाक्यांचं: डाव्या कानाचं बारीक, तीव्र पट्टीतलं ऐकणं २०१८ पेक्षा कमी झालं आहे, सध्या बोलणं ऐकायला अडचण नाही, प्लग बदलून पुन्हा शिकवलं जाईल आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं जाईल. त्याने ते दोनदा वाचून सही केली. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं ते एकाच कानात जास्त उतार होता म्हणून. तशा वेळी आवाजाखेरीज दुसरं काही नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. टीबीची इंजेक्शनं, कानफुटी, चक्कर, घरातलं बहिरेपण हे मी आधीच विचारलं होतं. त्यांनाही वेगळं काही सापडलं नाही.

कामामुळे झालेल्या इजांच्या नोंदवहीत ही केस ‘रेकॉर्डेबल’ म्हणून गेली नाही. त्याला एसटीएसखेरीज आणखी एक अट लागते: त्याच कानाची २०००, ३०००, ४००० ची आत्ताची सरासरी शून्यापासून मोजून २५ किंवा अधिक हवी. इथे १०, २०, ३० ची सरासरी २०. एचआरला हायसं वाटलं. मी त्यांना पत्र, प्रशिक्षण आणि प्लग या तिन्हींच्या तारखा विचारल्या, कारण केस रेकॉर्डेबल नसतानाही या तिन्ही गोष्टी द्याव्याच लागतात.

चपटी नळी काढून कमी आवाजाचा नोझल लावला आणि हवेचा दाब उतरवला. त्याच जागी मीटर ९४ दाखवू लागला. हेल्परला बोलायचं असेल तर आधी हिरवा दिवा लावायचा, प्रेस थांबवायचा, मग बोलायचं, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात कुणी पाळलं नाही. नंतर सुपरवायझरने प्रेसचा स्टॉप हेल्परच्या हाताशीही दिला, तेव्हा जमलं.

ऑगस्ट २०२४ च्या चाचणीत डावा कान १०, २०, ३०. जिथल्या तिथे. २०१८ शी तुलना केली तर दरवर्षी तीच जुनी शिफ्ट नव्याने सापडत राहील, आणि खरोखर नवी काही झाली तर त्या गर्दीत ती दिसणार नाही. म्हणून ऑडिओलॉजिस्टशी बोलून डाव्या कानाची बेसलाइन १५ सप्टेंबर २०२३ ची केली. उजव्या कानाची २०१८ चीच ठेवली. जुना कागद फाइलमधून काढला नाही, नव्याला टाचला. उद्या भरपाईचा प्रश्न निघाला तर पाच वर्षांत गेलेले डेसिबल त्या कागदावरच मोजता येतील.

त्या दिवशी निघताना त्याने विचारलं, “मॅडम, यंदा ढोल?” वाजवा म्हटलं, पण दोन्ही कानांत घालून. त्याने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावी पाळी वर ओढून दाखवली.